मामांचा शेवटचा हुकूम

मामांच्या मृत्युपत्रातून मला एक घर मिळाले, आणि घराबरोबर एक म्हातारा मिळाला. घराचा आनंद मला ताबडतोब झाला. म्हाताऱ्याचा व्हायला साडेचार वर्षे लागली, आणि हा उशीर सर्वस्वी माझा.

मामा जंगलखात्यात रेंजर होते. मामी लवकर गेल्या, मूलबाळ नव्हते. निवृत्त झाल्यावर त्यांनी आर्वीच्या कडेला जागा घेऊन एक बैठे घर बांधले. पुढे व्हरांडा, मागे विहीर, पेरूची नि संत्र्यांची थोडी झाडे, आणि विहिरीच्या पूर्वेला दोन खोल्यांचे, कवेलूंच्या म्हणजे कौलांच्या छपराचे आउटहाऊस. त्या आउटहाऊसमध्ये बाबा राहत. बाबा गोंड होते, कारंज्याकडच्या जंगलातले. मामा रेंजर असताना बाबा त्यांच्या हाताखाली जंगलराखे होते. मामांची बदली जिथे होई तिथे हेही जात. पेन्शन मामांना होती, बाबांना नव्हती. म्हणून मामांनी बाबांना बरोबर आणले. घराची राखण, झाडांना पाणी, विहिरीचा उपसा, सगळे बाबांकडे. मी लहानपणी सुटीत मामांकडे जाई तेव्हापासून त्यांना बाबाच म्हणत आले. ते मला ‘बाई’ म्हणत. फ्रॉकात होते तेव्हाही बाईच.

मामा बावन्न साली गेले. तेराव्याला सगळे जमले तेव्हा माझ्या मामेभावाने, म्हणजे मामांच्या पुतण्याने, कपाटातून कागद काढला आणि माझ्या हातात दिला. त्याचा चेहरा पाहूनच मला कळले की कागदात त्याचे नाव नाही.

मृत्युपत्र दोन पानांचे होते, अर्जनविसाच्या ठसठशीत अक्षरातले. मामांची सही, तिच्याखाली दोन साक्षीदारांच्या सह्या. एक गावातले डॉक्टर, दुसरे शाळेचे निवृत्त हेडमास्तर. दोघांनीही मामांसमोर सही केल्याचे लिहिले होते, आणि मागे रजिस्ट्रीचा शिक्का होता. मृत्युपत्राची रजिस्ट्री करावीच लागते असे नाही, पण मामा कागदाच्या बाबतीत जंगलखात्याचेच माणूस. शिक्का नसला तर त्यांना कागद उघडा वाटे.

घर, आवार, विहीर, झाडे हे सगळे माझ्या पूर्ण मालकीचे. पण, असे म्हणून पुढे सबंध अर्धे पान बाबांसाठी होते. विहिरीच्या पूर्वेकडील दोन खोल्यांत त्यांनी तहहयात राहावे. भाडे द्यावे लागू नये. विहिरीचे पाणी, मागचे फाटक, तिथवरची पायवाट आणि संडास वापरता यावा. खोल्यांच्या मागची पट्टी भाजीपाल्याला घ्यावी. छपराची डागडुजी मालकाने करावी. त्यांना ही जागा विकता, गहाण टाकता, भाड्याने देता वा दुसऱ्या कोणाच्या नावे करता येणार नाही, आणि त्यांच्या पश्चात ती मालकाकडे यावी. आणि शेवटी मामांच्याच शब्दांत: ‘माझ्या भाचीने अगर तिच्याकडून घर घेणाऱ्या कोणीही त्यांना उठवू नये.’

हे सगळे मी व्हरांड्यात उभी राहून मोठ्याने वाचले. बाबा पायरीच्या खाली उभे होते. त्या दिवशी मी रडून रडून चिडलेली होते, त्यात मामेभाऊ भिंतीला टेकून एकेक शब्द तोलत होता, म्हणून मी भराभर आणि करड्या आवाजात वाचले. बाबांनी शेवटपर्यंत ऐकले, मान हलवली, ‘जी’ म्हणाले, आणि विहिरीकडे निघून गेले. मला वाटले, माणूस किती कोरडा! आयुष्यभराचे छप्पर मिळाले, तर डोळ्यांत पाणी तरी यावे.

मामेभावाने वर्षभर फट शोधली. घर वडिलोपार्जित असते तर मामांना असे मृत्युपत्र करताच आले नसते. एकत्र कुटुंबातला हिस्सा त्या काळी कोणाला असा लिहून देता येत नव्हता. पण जमिनीचे खरेदीखत मामांच्या एकट्याच्या नावाचे, बांधकाम त्यांच्या पगारातले नि पेन्शनीतले. साक्षीदार दोघेही हयात आणि ठणठणीत. हेडमास्तरांनी तर त्याला विचारले म्हणे, की तुझ्या प्रगतिपुस्तकावर माझी जी सही चालत होती ती आता का चालत नाही? त्यानंतर तो गप्प बसला. जाताना एवढेच म्हणाला, की आउटहाऊसमध्ये आयत्या बिळावर नागोबा बसवून घेतलास, आता दूध पाज.

मुंबईसारखे कोर्टात जाऊन प्रोबेट, म्हणजे मृत्युपत्राची मंजुरी, आणायची आपल्याकडे सक्ती नाही, असे आमच्या वकिलांनी सांगितले. आर्वीचेच, मामांच्या वयाचे, तंबाखू चघळत बोलणारे गृहस्थ. त्यांनी नगरपालिकेत माझ्या नावाची नोंद करायला मला पाठवले. तिथला कारकून अडला तो बाबांपाशी. आउटहाऊसमध्ये कोण राहते? भाडेकरू? नाही. नोकर? मी म्हटले, तसे आता नाही. मग नातेवाईक? तोही नाही. त्याच्या रजिस्टरात बाबांना बसवायला रकानाच नव्हता. शेवटी त्याने शेऱ्याच्या जागेत बारीक अक्षरात लिहिले, ‘तहहयात वहिवाट’. नोकर नाही असे मी त्या कारकुनाला सांगितले. ते बाबांना सांगावे असे मला सुचले नाही.

माझे यजमान तेव्हा नागपूरला सेक्रेटरिएटमध्ये होते. आम्ही नागपुरात भाड्याने राहत असू आणि दोन-तीन महिन्यांनी आर्वीला चक्कर टाकत असू. पुलगावपर्यंत मोठी गाडी, तिथून आर्वीची लहान गाडी. ती इतकी निवांत चाले की शेतातली माणसे गाडीतल्या माणसांना सावकाश निरोप सांगत. घरी पोचले की बाबा फाटकात उभेच. मी हातपाय धुवायच्या आत सगळी वर्दी देऊन टाकत. विहिरीला पाणी किती, पेरू किती उतरले, कोणत्या बाजूचे कुंपण ढोरांनी मोडले नि ते कधी बांधले, मागच्या भिंतीत साप निघाला तो कुठे सोडला. बसा म्हटले तर बसत नसत. स्वतःच्या छपराची कवेलू स्वतःच फेरत. त्याचे पैसे द्यायला लागले तर हात मागे घेत.

मला याचा राग येई, हे कबूल करायला हवे. मला वाटे, म्हातारा मला दाखवून देतो आहे, की बघ, घर तुझे असले तरी चालवतो मी. यजमान हसत आणि म्हणत, भटाला दिली ओसरी. मी म्हणे, यांनी पायही पसरलेले नाहीत, तेच तर खटकते.

छप्पन साली राज्ये फिरली. मध्यप्रदेश गेला, विदर्भ मुंबई राज्यात आला, आणि नागपूरची राजधानी गेली. यजमानांच्या टेबलासकट त्यांची बदली मुंबईला झाली. मुंबईत खोली मिळवायची तर पागडी मोजावी लागते, हे कळल्यावर आमच्या घरात तीन दिवस कोणी धड जेवले नाही. चौथ्या दिवशी मीच म्हटले, आर्वीचे घर विकू या.

गिऱ्हाईक लगेच मिळाले. आर्वीतलाच एक कापसाचा व्यापारी. त्याला घराशी कर्तव्य नव्हते, आवार हवे होते. गठाणींसाठी गोदाम बांधायचे आणि मागच्या फाटकातून बैलगाड्या आत घ्यायच्या. गाड्यांच्या वाटेत नेमके आउटहाऊस. ते पाडायचे, म्हणाला.

वकिलांनी मृत्युपत्र त्याच्यासमोर ठेवले आणि मलाही पुन्हा वाचायला लावले. घर विकायला तुम्हाला कोणी अडवत नाही, ते म्हणाले, पण विकाल ते म्हाताऱ्याच्या हक्कासकट. घेणाऱ्याने कागद वाचून घेतले की तोही त्याला उठवू शकत नाही. व्यापाऱ्याने सरळ सांगितले की त्याला रिकाम्या जागेचा ताबा पाहिजे. माणसासकट घर घ्यायला तो काही पुजाऱ्यासकट देऊळ घेत नव्हता. मग वाट एकच उरत होती. बाबांनी आपणहून हक्क सोडायचा. त्यासाठी नुसता तोंडी होकार चालणार नव्हता. स्टँपावर हक्कसोड लिहायची, बाबांनी स्वतः रजिस्ट्री कचेरीत यायचे, तिथे अधिकारी त्यांना विचारणार की मजकूर समजला का, आणि मग अंगठा. व्यापारी म्हाताऱ्याला काही रक्कम द्यायला तयार होता, आणि ती कमी नव्हती.

मी आर्वीला गेले आणि बाबांना सगळे नीट सांगितले, असे मला वाटले. घर विकायचे आहे, तुम्हाला पैसे मिळतील, तुमची मुलगी आहे तिच्याकडे सुखाने राहा. सगळे ऐकून घेऊन बाबा म्हणाले, ‘‘नाई जमत, बाई. साहेबाचा हुकूम हाय.’’

‘‘अहो, साहेब गेले. आता मी सांगते आहे.’’

‘‘तुमी सांगता, पन कागद साहेबाचा हाय.’’

दोन दिवस मी वेगवेगळ्या तऱ्हेने तेच सांगत राहिले आणि ते तेच उत्तर देत राहिले. कागदाची ताकद म्हाताऱ्याला बरोबर कळली आहे, असे मी मनात म्हटले, आणि रक्कम वाढवून घ्यायला बसला आहे असेही म्हटले. माणसाबद्दल वाईट विचार करायचे ठरवले की त्याचे प्रत्येक वाक्य पुरावा होते. तिसऱ्या दिवशी मी तणतणत बॅग भरायला घेतली.

तेवढ्यात बाबांची मुलगी आली. पन्नाशीच्या आसपासची बाई, पायी आणि मिळेल त्या गाडीने आलेली, पदराला गाठ मारून भाकरी आणलेली. आधी ती आउटहाऊसमध्ये गेली. बापलेक त्यांच्या भाषेत बोलत होते. मला शब्द कळत नव्हते, पण मुलीचा आवाज चढत होता आणि बाबांचा तसाच सपाट होता. मग ती व्हरांड्याशी आली आणि पायरीवर बसून तिने माझ्या पायांना हात लावला. मी दचकून मागे सरले.

‘‘बाई, माह्या बापाले सोडा,’’ ती म्हणाली.

मी विचारले, सोडा म्हणजे काय? मी कुठे धरून ठेवले आहे?

ती सांगत गेली आणि मी उभी होते ती खाली बसले. तिचा नवरा दोन वर्षांपूर्वी वारला, तेव्हा बाबा गेले नव्हते. नातीच्या लग्नाला गेले नव्हते. आता ती एकटी, गुडघे धरलेले, मोहाच्या फुलांचे दिवस तोंडावर आलेले आणि ती वेचायला घरात माणूस नाही. दर वेळी निरोप धाडला की एकच उत्तर येई: साहेबाने मरेपर्यंत राखणीवर ठेवले आहे, बदली माणूस आल्याशिवाय नाका सोडता येत नाही. ‘‘तुमी मालकीण हाय ना? मंग त्याची बदली करून द्या. चार दिसाची तरी.’’

बाबा विहिरीजवळ उभे होते. हाक मारून मी विचारले, हे खरे का? त्यांनी मान हलवली. जंगलात त्यांना आयुष्यभर जो जो कागद वाचून दाखवला गेला तो हुकूम होता. अमुक नाक्यावर राहावे, अमुक गेटावर राहावे, दुसरा माणूस येईपर्यंत हलू नये. साहेबाची सही, खाली शिक्का, आणि कोणीतरी चिडक्या आवाजात वाचणारे. मामांच्या तेराव्याला मी त्यांना अगदी तसाच कागद तसाच वाचून दाखवला होता. मी म्हटले, अहो, पगार नव्हता, त्यावरून तरी कळायचे. तर म्हणाले, ‘‘राहाले जागा देल्ली, तोच पगार.’’

म्हणजे साडेचार वर्षे हा माणूस माझ्या आवारात पहारा देत होता. जे त्याला सुखाने राहण्यासाठी दिले होते ते त्याने नोकरी म्हणून पाळले. जावयाच्या मातीला गेला नाही, कारण नाका सोडायचा नव्हता. आणि मी त्याला तोरा समजत होते. मला मनापासून स्वतःची लाज वाटली, आणि अजून वाटते.

पण ती लाज फार वेळ निर्भेळ राहिली नाही, हेही लिहिले पाहिजे. संध्याकाळी व्यापारी येऊन गेला. सगळे ऐकल्यावर तो खूश झाला. मग अडले कुठे, म्हणाला. तुम्ही मालकीण आहात. म्हणा, की बाबा, तुमची राखण संपली, आजपासून मोकळे. म्हातारा उद्या अंगठा देईल आणि लेकीबरोबर आनंदाने जाईल. खोटे काय त्यात? त्याला जायचे आहे, लेकीला न्यायचे आहे, तुम्हाला विकायचे आहे, मला घ्यायचे आहे. चौघांचेही भले.

मी त्याला नाही म्हटले नाही. उद्या सांगते म्हटले. रात्रभर ते चौघांचे भले माझ्या डोक्यात फिरत होते आणि त्यात चूक कुठे आहे ते सापडत नव्हते.

सकाळी वकिलांकडे गेले. त्यांनी तंबाखू थुंकून तोंड रिकामे केले, आणि त्यांच्याबाबत ही मोठी गोष्ट होती. म्हणाले, ‘‘कचेरीत अधिकारी विचारेल, हक्क सोडता का? तो हो म्हणेल. पण तो सोडेल नोकरी. हक्क आहे हे त्याला माहीतच नाही. तुम्हाला मात्र माहीत आहे. असा कागद मी लिहिणार नाही. दुसऱ्याकडून लिहून घ्या.’’

मी विचारले, आणि त्याला सगळे समजावून सांगितले आणि तो काही महिने मुलीकडे गेला, तर हक्क जातो का? ते म्हणाले, मुळीच नाही. जागा सोडून राहिला तर हक्क संपेल असे तुमच्या मामांनी कुठेही लिहिलेले नाही. कुलूप लावून जावे, वाटेल तेव्हा यावे. तुम्ही त्यात सामानही ठेवू नये.

परत येताना मला मामांचा राग आला. एक शब्द बाबांशी बोलून ठेवला असता तर! पण मामा तसेच होते. मायेची गोष्ट त्यांना तोंडाने बोलता येत नसे, म्हणून त्यांनी ती अर्जनविसाकडून लिहून घेतली, दोन साक्षीदारांपुढे सही केली आणि शिक्का मारून घेतला. उरलेले सांगायला त्यांनी माझा भरवसा धरला होता. तो आठवला आणि माझा राग गेला.

दुपारी मी आउटहाऊसच्या ओट्यावर जाऊन बसले. बाबा उभेच. मी म्हटले, तुम्ही बसल्याशिवाय बोलणार नाही. मग ते उकिडवे बसले. लेक दारात होती. मी कागद पुन्हा वाचला, एकेक ओळ, आणि प्रत्येक ओळीनंतर थांबून माझ्या शब्दांत सांगितली. हा हुकूम नाही, बाबा. यात तुमच्यावर काहीही काम टाकलेले नाही. ही जागा मामांनी तुम्हाला राहायला दिली आहे, तुम्ही जिवंत आहात तोवर.

त्यांनी हात पुढे करून कागदामागच्या शिक्क्यावर बोट फिरवले. मग म्हणाले, ‘‘म्हंजे साहेबानं मले राखणीवर नाई ठेवलं?’’

‘‘नाही.’’

‘‘काऊन नाई ठेवलं?’’

ते दुखावले होते. याची मी कल्पनाच केली नव्हती. मी एक ओझे उतरवायला गेले होते आणि त्यांना वाटले मी त्यांची नोकरी काढून घेते आहे. मी म्हटले, तुम्ही मामांसाठी खूप राखलेत. त्यांना वाटले, आता पुरे. आता तुम्ही तुमच्या घरात राहावे.

‘‘तुमी मले काढू शकता?’’

‘‘नाही.’’

‘‘इकत घेनारा?’’

‘‘तोही नाही.’’

‘‘तुमचा तो भाऊ?’’

‘‘तो तर मुळीच नाही.’’

‘‘मी पोरीकडं गेलो तर?’’

‘‘कुलूप लावून जा. जागा तुमचीच राहते.’’

‘‘मंग पोरीले देऊ शकतो?’’

हे खरे सांगणे मला जड गेले, पण खरे सांगायलाच बसले होते. म्हटले, नाही. तुमच्यापुरतीच आहे. तुमच्यानंतर ती माझ्याकडे येते. मुलगी तुमच्याकडे येऊन राहिली तर मी कधी हरकत घेणार नाही, पण तुमच्यामागे तिचा हक्क नाही. त्यांनी वळून लेकीला त्यांच्या भाषेत ते सांगितले. तिने खांदे उडवले. तिला बाप हवा होता, खोल्या नको होत्या.

मग मी उरलेलेही सांगितले. व्यापारी किती देतो आहे, आणि ते घेऊन हक्क सोडायचा असेल तर तोही तुमचा अधिकार, मी अडवणार नाही आणि सांगणारही नाही. ते हसले. मी त्यांना हसताना तेव्हा पहिल्यांदा पाहिले. समोरचे दोन दात नव्हते. म्हणाले, ‘‘साहेबानं देल्लं ते इकू? नाई, बाई.’’

आठवड्याने ते लेकीबरोबर मोह वेचायला गेले. जाण्याआधी बाजारातून कुलूप आणले, आणि ते दोनदा लावून, ओढून पाहिले. आवारात प्रथमच कोणी राखणदार नव्हता.

व्यापाऱ्याने दुसरी जागा घेतली. घर विकले गेले नाही, तेव्हा पागडीही जमली नाही. यजमान मुंबईत एका मित्राच्या खोलीत पथारी टाकून राहू लागले आणि मी मुले घेऊन आर्वीच्या घरात आले. हा नाइलाज होता, आणि सुरुवातीला मी त्याबद्दल पुष्कळ कुरकुर केली. पण आता मागे वळून पाहते तेव्हा त्या घरातली तीन वर्षे मला माझ्या आयुष्यातली चांगली वर्षे वाटतात. मुलांना झाडे मिळाली, विहीर मिळाली. मला स्वतःचा स्वयंपाक स्वतःच्या ओट्यावर करायला मिळाला. बाबांनी तेव्हा अंगठा दिला असता तर यातले काही झाले नसते. मी त्यांची ऋणी आहे ती त्यासाठीही.

पावसाच्या आधी बाबा परतले. फाटकात उभे राहून वर्दी दिली नाही. सरळ आपल्या खोल्यांकडे गेले, कुलूप उघडले, झाडलोट केली. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनीच मला हाक मारली.

‘‘बाई, इकडं येजो जरा.’’

मी गेले. त्यांनी वर बोट दाखवून सांगितले, की पश्चिमेकडची कवेलू सरकली आहेत, आणि छप्पर मालकाने करायचे असे कागदात लिहिले आहे. साडेचार वर्षे ज्यांनी स्वतः छपरावर चढून कवेलू फेरली त्यांनी मला हे तोऱ्यात सांगितले. मला इतका आनंद झाला की मी त्याच दिवशी दोन माणसे लावली. बाबा खाली खाटेवर बसून त्यांच्या चुका काढत होते. काम संपल्यावर त्यांनी गुळाचा काळा चहा केला आणि मला म्हणाले, ‘‘बस.’’ अहो-जाहो गेले होते. ‘‘चहा घेऊन जाजो.’’ मी त्यांच्या खाटेच्या कडेला बसून तो घेतला. लहानपणापासून त्या आवारात येत असूनही त्यांच्या घरी मी काही घेतल्याची ती पहिली वेळ.

पुढे असेच चालले. मोहाच्या दिवसांत ते लेकीकडे जात, पावसाआधी येत. मागच्या पट्टीत वांगी नि चवळी लावत, आम्हाला देत. ती मी विकत घ्यायला लागले की रागावत, कारण शेजाऱ्याला कोणी भाजी विकते का? आवारात साप निघाला तर मीच त्यांना बोलवायला जाई, आणि ते सवडीने येत. लेकीला त्यांनी दोनदा आणून ठेवले. मुलांना ती मोहाची फुले भाजून देई आणि मुले माझे काहीच ऐकत नसत.

एकोणसाठच्या उन्हाळ्यात ते गेले तेव्हा लेकीकडेच होते. मोह वेचून झाले होते, परतायचे दिवस जवळ आले होते, आणि चार दिवस ताप आला. मला कळले ते पंधरा दिवसांनी, लेक आली तेव्हा. ती व्हरांड्याशी आली. मी तिला पायरीवर बसू दिले नाही, आत नेले.

मी काही विचारायच्या आत तिने सांगितले, की शेवटच्या दिवशी गावातली माणसे भेटायला आली आणि म्हणाली, बरे झाले बाबा, शेवटी आपल्या घरी आलास. तर ते तापातही चिडले.

‘‘म्हनले, माह्यं घर आर्वीले हाय. मी अथी पोरीकडं पाहुना आलतो.’’

लेक हे सांगताना हसत होती आणि रडत होती. आपल्या बापाला स्वतःचे घर होते, हे तिने गावात सगळ्यांना सांगितले होते. मृत्युपत्राप्रमाणे त्या दिवसापासून आउटहाऊस माझ्याकडे आले. पण तिला पंधरवडाभर तिथे राहायचे होते, बापाच्या जागेत. मी म्हटले, राहा, आणि तिच्याबरोबर दार उघडायला गेले.